एप्रिलचा गल्ला आणि ऑगस्टचे भाडे : ज्यूस बारच्या फ्रँचायझी माहितीपत्रकाचा आढावा

नावाची किंमत

महाराष्ट्रात कुठल्याही हमरस्त्याने निघाले की उन्हाळ्यात 'कानिफनाथ रसवंती गृह' किंवा 'नवनाथ रसवंती गृह' अशा पाट्या दिसतात. पुरंदर तालुक्यातील बोपगावच्या कानिफनाथांवर श्रद्धा असलेली माणसे उसाच्या रसाचा धंदा घेऊन राज्यभर पसरली आणि देवाचे नाव त्यांच्याबरोबर गेले. या नावासाठी कोणी कोणाला शुल्क दिले नाही आणि कोणी करारही केला नाही. एका रसवंतीचा रस पातळ निघाला म्हणून दुसरीला जाब विचारता येत नाही. नाव सर्वांचे असल्यामुळे ओळख मिळते, पण त्या ओळखीमागे कसलीही हमी नसते. ज्यूस बारची साखळी यापेक्षा वेगळी आहे, कारण तिथे नाव कोणाच्या तरी मालकीचे असते. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली ते नोंदवलेले असते, त्याच्याबरोबर पाककृती, यंत्रे, रंगसंगती आणि मालाचा पुरवठा ठरलेला असतो, आणि हे सारे वापरण्यासाठी दुकानदार आधी एकरकमी शुल्क आणि नंतर विक्रीवर रॉयल्टी देतो.

हा व्यवहार जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचतो तो माहितीपत्रकाच्या रूपाने. गुळगुळीत कागदाची आठ-बारा पाने, फळांची छायाचित्रे, 'गुंतवणूक ८ लाखांपासून', 'संपूर्ण सहकार्य', 'दोन वर्षांत भांडवल वसूल'. करारनामा बराच नंतर येतो आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड किंवा दिग्रससारख्या गावात निर्णय घेणाऱ्या कुटुंबाचे मन करारनामा येण्याआधीच तयार झालेले असते आणि ते तयार करण्याचे काम माहितीपत्रकाने केलेले असते. त्यामुळे या कागदात काय लिहावे आणि किती उघडपणे लिहावे, या प्रश्नाला छपाईच्या पलीकडचे वजन आहे. त्यावर तीन भूमिका आढळतात. त्या तपासताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते : माहितीपत्रकातील आकडा कोणत्या गावचा आणि कोणत्या महिन्याचा आहे हे लिहिलेले नसेल, तर तो खरा असूनही वाचणाऱ्याला चुकीच्या ठिकाणी नेतो.

कायदा कुठवर पोहोचतो

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम १९७९ पासून लागू आहे. त्यानुसार साखळीने ठरलेल्या २३ बाबींचा तपशील देणारा दस्तऐवज इच्छुकाच्या हाती सही होण्यापूर्वी किमान १४ दिवस द्यावा लागतो. त्यात सुरुवातीच्या सर्व खर्चाचा तक्ता असतो, किती दुकाने उघडली आणि किती बंद पडली याची वर्षवार नोंद असते आणि सोडून गेलेल्या दुकानदारांशी संपर्क साधण्याची सोयही असते. चीनने २००७ साली वेगळी अट घातली : स्वतःची किमान दोन दुकाने वर्षाहून अधिक काळ चालवल्याशिवाय कोणी फ्रँचायझी विकू नये. रोम येथील युनिड्रॉइट या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ साली माहिती उघड करण्याचा एक नमुना कायदा तयार केला. भारताने यातले काहीही जसेच्या तसे स्वीकारलेले नाही.

आपल्याकडे अशा वादाला लागू पडतो तो १८७२चा करार कायदा. त्याचे कलम १७ फसवणुकीची व्याख्या करते, पण केवळ गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे असेही सांगते. बोलण्याचे कर्तव्य असेल किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल तेव्हाच ती फसवणूक ठरते. कलम १९ त्याहून महत्त्वाचे आहे. दिशाभूल करून संमती घेतली असेल तर करार रद्द करता येतो, पण साधी चौकशी करून सत्य कळू शकले असते असे दिसले, तर दिशाभुलीच्या आणि मौनाच्या बाबतीत ही सोय उरत नाही. म्हणजे पावसाळ्यात विक्री किती पडते हे साखळीने सांगितले नाही आणि दुकानदारानेही विचारले नाही, तर नंतर तक्रार करताना त्याची बाजू लंगडी पडते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला संरक्षण देत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या सेवेचा त्याला अपवाद आहे. दोन पगारी पोरे ठेवून चालवलेला ज्यूस बार या अपवादात बसतो की नाही, हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर ठरते. एकंदरीत, सही करण्याआधी काय सांगितले जावे याबाबत कायदा फारसे काही बोलत नाही आणि ती जागा माहितीपत्रकाने भरून काढावी अशी अपेक्षा तिथूनच निर्माण होते.

तीन भूमिका

पहिली भूमिका साखळ्यांची आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांची आहे. त्यांच्या मते माहितीपत्रक ही जाहिरात आहे. तिचे काम विचारपूस घडवून आणणे एवढेच. तपशील भेटीत आणि करारात यावेत. या म्हणण्यात तथ्य आहे. गाळ्याचे भाडे चौकाचौकाला बदलते, यंत्रांच्या किमती दर वर्षी बदलतात, आणि सगळे आकडे छापले तर शेजारची साखळी ते पाहून आपले शुल्क ठरवते. शिवाय पाच-सात दुकाने असलेल्या नव्या साखळीकडे सरासरी काढण्याइतकी माहितीच नसते.

दुसरी भूमिका वकील, सनदी लेखापाल आणि हात पोळलेले दुकानदार मांडतात. कायदा नसला तरी साखळीने अमेरिकी धर्तीचा संपूर्ण तपशील स्वतःहून द्यावा, असे ते म्हणतात. तपशील करारात येतो हे उत्तर त्यांना पटत नाही, कारण करारात बहुधा एक कलम असेच असते की या करारापूर्वीची सर्व बोलणी आणि कागदपत्रे गैरलागू समजावीत. माहितीपत्रकातील आश्वासन त्या एका ओळीने पुसले जाते. या भूमिकेची अडचण वेगळी आहे. साठ पानांचा दस्तऐवज देणे म्हणजे समजावून सांगणे नव्हे. आणि चार दुकानांच्या साखळीला तो तयार करण्याचा खर्च झेपेलच असे नाही.

तिसरी भूमिका मधली आहे : माहितीपत्रकात आकड्यांची मर्यादा द्यावी, म्हणजे किमान इतके ते कमाल इतके, आणि ते कशावरून काढले ते सांगावे; बाकीचा तपशील मागेल त्याला स्वतंत्र कागदावर द्यावा. प्रस्तुत लेखाचा कल या भूमिकेकडे आहे, पण एका दुरुस्तीसह. 'किमान ते कमाल' ही मर्यादा ज्यूसच्या धंद्यात पुरेशी नाही. कपड्यांच्या किंवा औषधांच्या दुकानात वर्षाची सरासरी काही तरी सांगते. रसाच्या धंद्यात ती सरासरी फक्त कागदावर असते, एकाही महिन्याच्या गल्ल्यात ती दिसत नाही. हे दाखवायला एक उदाहरण मांडावे लागेल.

गुंतवणुकीचा आकडा

समजा, यवतमाळ शहरात दोनशे चौरस फुटांचा गाळा घेऊन एका साखळीचा ज्यूस बार सुरू करायचा आहे. पुढचे आकडे कोणत्याही विशिष्ट साखळीचे नाहीत, हिशेबाची रीत कळावी म्हणून ते घेतले आहेत. माहितीपत्रक म्हणते, 'गुंतवणूक सुमारे ८ लाख'. त्यात फ्रँचायझी शुल्क ३ लाख, फर्निचर, रंगकाम आणि पाटी मिळून अडीच लाख, आणि ज्यूसर, मिक्सर, डीप फ्रीझर, काचेचा कूलर, पाणी शुद्ध करणारे यंत्र वगैरे २ लाख २० हजार, अशी ७ लाख ७० हजारांची बेरीज आहे. आकडा खोटा नाही. पण शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४ हजार रुपये त्यात नाहीत. गाळ्याचे १ लाख डिपॉझिट नाही, पहिल्या मालाचे ४० हजार नाहीत, परवाने आणि वाढीव वीजजोडणीचे ३० हजार नाहीत. आणि पहिले काही महिने भाडे-पगार भागवायला हाताशी ठेवायचे २ लाखही नाहीत. सगळे धरले की ११ लाख ९४ हजार होतात. म्हणजे छापलेल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट.

यातल्या जीएसटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण 'तो पुढे वळता होतो' असे सहज सांगितले जाते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या अशा दुकानाला साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नाही तर भरलेल्या कराचे श्रेय मिळत नाही. नोंदणी केली तरी खाण्यापिण्याच्या दुकानांना लागणाऱ्या ५ टक्के दराच्या पद्धतीतही हे श्रेय नाही. त्यामुळे शुल्कावरचे ५४ हजार हा सरळ खर्च आहे. दर महिन्याच्या रॉयल्टीवरचा १८ टक्के करही तसाच. साखळी ६ टक्के रॉयल्टी म्हणते, तेव्हा दुकानदाराच्या खिशातून ७.०८ टक्के जातात.

म्हणून गुंतवणुकीचा परिच्छेद लिहिताना खर्चाची बाब आणि रक्कम देऊन भागत नाही. त्यातले किती पैसे परत येऊ शकतात हेही लिहावे लागते. वरच्या उदाहरणात डिपॉझिट परत येते, यंत्रे जुन्या बाजारात काही भावाने जातात, हाताशी ठेवलेली रक्कम वापरली नाही तर आपलीच असते. शुल्क, त्यावरचा कर, फर्निचर, पाटी आणि परवाने मिळून ६ लाख ३४ हजार मात्र दुकान बंद झाले की गेले. साधी मराठी वाक्ये एवढे काम करू शकतात : 'दुकान सुरू करून पहिले चार महिने चालवायला सुमारे १२ लाख रुपये लागतील. दुकान बंद करावे लागले तर त्यातले सुमारे सव्वासहा लाख परत मिळणार नाहीत.' दुसरे वाक्य छापायला साखळीला जड जाते. घर गहाण ठेवायचे की नाही हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी संपूर्ण कागदातले सर्वांत उपयोगी वाक्य तेच असते. 'पासून', 'पर्यंत' आणि 'सुमारे' या तीन शब्दांकडेही पाहावे. गुंतवणुकीला 'पासून' आणि उत्पन्नाला 'पर्यंत' लावले की खालचा खर्च आणि वरचा नफा एकाच पानावर येतात, पण ते एकाच दुकानाचे नसतात.

महिन्यांचा हिशेब

आता विक्री. कर वगळून एका पेल्याचे सरासरी ६० रुपये धरू. एप्रिलमध्ये यवतमाळचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि दिवसाला १०० पेले विकले जातात असे मानू. महिन्याची विक्री १ लाख ८० हजार. फळे, दूध, साखर, बर्फ, पेला आणि वाया गेलेला माल मिळून ४० टक्के, म्हणजे ७२ हजार. करासह रॉयल्टी सुमारे १२ हजार ७००. भाडे १२ हजार, दोन कामगारांचे २२ हजार, वीज ८ हजार आणि किरकोळ ३ हजार, असे ठरलेले ४५ हजार. हातात उरतात सुमारे ५० हजार. 'दोन वर्षांत भांडवल वसूल' हे वाक्य याच महिन्यातून जन्माला येते : ५० हजारांना २४ ने गुणले की १२ लाख होतात आणि आपली गुंतवणूक तेवढीच आहे.

ऑगस्टमध्ये तोच गाळा आहे, तेच दोन कामगार आहेत आणि बाहेर झड लागलेली आहे. दिवसाला ३५ पेले गेले तर महिन्याची विक्री ६३ हजार. माल आणि रॉयल्टी वजा जाता ३३ हजारांच्या आसपास उरतात आणि ठरलेला खर्च ४५ हजारच आहे. सुमारे ११ हजार ७०० खिशातून घालावे लागतात. चार महिने उन्हाळ्याचे, चार पावसाळ्याचे आणि उरलेल्या चार महिन्यांत दिवसाला ५५ पेले धरले, तर वर्षाची शिल्लक सुमारे १ लाख ८४ हजार येते. १२ लाख वसूल व्हायला या गतीने साडेसहा वर्षे लागतात. डिपॉझिट आणि हाताशी ठेवलेली रक्कम वगळून उरलेले ८ लाख ९४ हजारच मोजले, तरी पाच वर्षांना महिना-दोन महिने कमी. करार बहुधा पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाला पुन्हा शुल्क असते. शिवाय या हिशेबात गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाचा पगार एक रुपयाही धरलेला नाही.

यावर साखळीचा आक्षेप असा असेल की आकडे मुद्दाम वाईट घेतले आहेत. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून साखळीनेच आपले आकडे द्यावेत. रोज किती पेले विकले तर नफाही नाही आणि तोटाही नाही, हा एक आकडा प्रत्येक माहितीपत्रकात सहज देता येतो. आपल्या उदाहरणात तो ४८ आहे. ६ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे १३ हजारांचा हप्ता येतो आणि तोच आकडा ६१वर जातो. हा आकडा हाती असला की इच्छुकाला स्वतःच्या चौकात उभे राहून शेजारच्या ज्यूस सेंटरवर किती पेले जातात ते मोजता येते. नफ्याचे आश्वासन त्याला तपासता येत नाही, पेल्यांची संख्या तपासता येते.

यवतमाळसाठी या हिशेबात आणखी दोन ओळी लिहाव्या लागतील. पुण्यात छापलेल्या कागदात त्या नसतात. पहिली संत्र्याची. विदर्भातला आंबिया बहार साधारण नोव्हेंबरपासून बाजारात येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. मागणी टिपेला असते तेव्हा, म्हणजे मे महिन्यात, जवळच्या बागांतला ताजा संत्रा संपत आलेला असतो. म्हणजे 'संत्र्याच्या पट्ट्यात असल्यामुळे फळ स्वस्त' हे विधान थंडीत खरे आणि ऐन हंगामात खोटे ठरते. मेमध्ये मोसंबी आणि आंब्यावर भिस्त ठेवावी लागते आणि मालाचा ४० टक्के खर्च वर सरकतो. दुसरी ओळ पाण्याची. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे २०१८च्या उन्हाळ्यात आटली आणि शहराने टँकरवर दिवस काढले. ज्यूस बारला पिण्यायोग्य पाणी फळे धुवायला, भांडी विसळायला आणि बर्फाला लागते, आणि सर्वांत जास्त लागते तेही उन्हाळ्यातच. टँकरचा खर्च दर वर्षी येईल असे नाही, पण तो कोणी सोसायचा हे लिहून ठेवायला हवे. गिऱ्हाइकाचेही तसेच. महाविद्यालयाजवळचा गाळा माहितीपत्रकात आदर्श म्हणून दाखवला जातो, पण परीक्षा आटोपून मुले गावी जातात ती नेमकी मेमध्ये.

विक्रीचे आकडे छापावेत की नाही, यावर अमेरिकेतही एकमत नाही. तिथल्या नियमातही उत्पन्नाचे आकडे देणे ऐच्छिक आहे. दिले तर आधार द्यावा लागतो. न देण्याच्या बाजूचे म्हणणे असे की छापलेला आकडा वचन समजला जातो. पण आपल्याकडे आकडा छापला नाही म्हणून तो सांगितला जात नाही असे होत नाही. तो भेटीत तोंडी सांगितला जातो, आणि तोंडी आकड्याला ना महिना असतो ना गाव. 'आमच्या स्वतःच्या दोन दुकानांची गेल्या वर्षीची महिनावार विक्री अशी होती; तुमच्या गावी ती कमी-जास्त असू शकते' हे वाक्य साखळीचेही रक्षण करते. कलम १९ इथे साखळीच्याच उपयोगाला येते, कारण ज्याला सत्य सांगितले गेले त्याला नंतर दिशाभुलीची तक्रार करता येत नाही.

'सहकार्य केले जाईल'

सहकार्याच्या पानावर मराठीतला कर्मणी प्रयोग सर्वांत जास्त राबतो. 'प्रशिक्षण दिले जाईल', 'जाहिरात केली जाईल', 'यंत्रांची देखभाल पुरवली जाईल'. या वाक्यांत कर्ता नाही, मुदत नाही आणि खर्च कोणाचा तेही नाही. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने स्वतःला एक नियम घालून घ्यावा : सहकार्याच्या प्रत्येक वाक्यात कोण करील, किती दिवसांत करील आणि पैसे कोणाचे, या तिन्हींची उत्तरे असावीत. 'आमचा एक प्रशिक्षक दुकान सुरू होताना सात दिवस तुमच्याकडे राहील. त्याचा प्रवास आमचा, राहणे-जेवण तुमचे.' हे वाक्य रुक्ष आहे, पण उद्घाटनाच्या दिवशी त्यावरून भांडण होत नाही.

यंत्राच्या बाबतीत अंतर निर्णायक ठरते. यवतमाळपासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. उमरखेड किंवा वणीचे हिशेब आणखी वेगळे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ज्यूसर जळाला आणि तंत्रज्ञ चौथ्या दिवशी आला, तर १०० पेल्यांच्या दराने २४ हजारांची विक्री बुडते. ऑगस्टमध्ये तीच नादुरुस्ती ८ हजारांत भागते. म्हणून 'देखभाल' या शब्दापेक्षा 'मार्च ते जून ४८ तासांत, एरवी पाच दिवसांत. तोवर पर्यायी यंत्र मिळणार नाही' हे जास्त उपयोगी. पर्यायी यंत्र मिळणार नाही असे स्पष्ट लिहिले, तर दुकानदार स्वतः एक जुना मिक्सर राखून ठेवतो. न मिळणारी गोष्ट लिहिणे हेसुद्धा सहकार्यच आहे.

अपेक्षा

अपेक्षांचे पान बहुधा सर्वांत लहान असते आणि त्यात 'सकारात्मक वृत्ती' आणि 'व्यवसायाची आवड' असे शब्द असतात. करारात मात्र अपेक्षांना पाच-सहा पाने असतात. माहितीपत्रकात यायला हवी ती मालखरेदीची अट. पल्प, सरबत, छापील पेले आणि नळ्या साखळीकडूनच घ्यायच्या असतील, तर त्यांचा आजचा दर आणि तो कधी बदलू शकतो हे लिहावे. अनेकदा रॉयल्टी कमी ठेवून साखळी मालावर कमावते. तो धंद्याचा सरळ मार्ग आहे आणि त्यात गैर काही नाही, पण 'रॉयल्टी फक्त २ टक्के' असे लिहून बाजारात शंभराला मिळणारा माल दीडशेला घ्यायला लावणे याला स्पष्टता म्हणता येत नाही. मालावर किती टक्के वाढ आहे ते सांगणे व्यापारी गुपित फोडण्यासारखे आहे, असा आक्षेप येतो. मग टक्केवारी राहू द्यावी, दरपत्रक जोडावे. बाजारभाव दुकानदाराला ठाऊक असतो.

दुसरी अपेक्षा पावसाळ्याशी जोडलेली आहे. ऑगस्टमधला खड्डा भरायला दुकानदाराला चहा, सँडविच किंवा गरम भजी ठेवावीशी वाटतील. साखळीला तिच्या नावाखाली भजी नको असतात, आणि तिचेही बरोबर आहे, कारण नावाची किंमत एकसारखेपणात आहे. कोकाकोला आणि गुजरात बॉटलिंग यांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीत अशी बंधने घालणे हे व्यापारावरचे बेकायदा बंधन ठरत नाही, असे मानले आहे. म्हणून ही बंदी असेल तर ती मान्य करण्याआधी कळायला हवी, आणि ती विक्रीच्या तक्त्याशेजारी छापावी, म्हणजे पावसाळ्यातला तोटा आणि तो भरून काढायची मनाई एकत्र वाचता येतील. दाव्यांबाबतही हेच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये सांद्ररसात पाणी मिसळून तयार केलेल्या रसाच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत '१०० टक्के फळांचा रस' असे लिहिण्यास मनाई केली. साखळी पल्प पुरवत असेल, तर ताज्या फळांचे छायाचित्र असलेली पाटी लावण्याची अपेक्षा दुकानदारालाच गोत्यात आणू शकते, कारण परवाना दुकानदाराच्या नावावर असतो.

जे अजून सुटलेले नाही

काही प्रश्न या घडीला मोकळे आहेत. सर्वांत मोठा पडताळणीचा. साखळीने महिनावार विक्री छापली तरी ती खरी आहे हे कोण सांगणार? लेखापालाची सही हा एक मार्ग आहे, पण लेखापाल साखळीनेच नेमलेला असतो. चालू दुकानदारांना भेटण्याची मुभा हा त्याहून बरा मार्ग, मात्र यादीतली कोणती दुकाने दाखवायची हे साखळीच ठरवते. बंद पडलेल्या दुकानांची संख्या कोणीच स्वतःहून देत नाही. इथे मतभेद तीव्र आहेत. साखळ्या म्हणतात की दुकानदाराच्या आळसाने बंद पडलेले दुकान आमच्या खात्यावर का मांडावे. टीकाकार म्हणतात की कारण काहीही लिहा, पण संख्या लिहा. संख्या आणि कारण दोन्ही शेजारी-शेजारी लिहिण्याला दोन्ही बाजूंचा खरा अडथळा कोणता, हे मात्र कोणी नीट मांडलेले नाही.

दुसरा प्रश्न लहान साखळ्यांचा. यवतमाळच्याच एखाद्या उद्योजकाने दोन दुकाने यशस्वीपणे चालवून तिसरे फ्रँचायझीवर द्यायचे ठरवले, तर त्याच्याकडे देण्यासारखी माहिती दोन दुकानांचीच आहे. चीनच्या अटीच्या कसोटीवर तो उतरतो, अमेरिकी तपशिलाचा खर्च त्याला झेपत नाही. त्याच्यासाठी एका पानाचा तक्ता पुरेसा मानावा की नाही, यावर आपल्याकडे चर्चाही सुरू झालेली नाही. आणि तिसरा प्रश्न वेळेचा. माहिती हाती येणे आणि सही यांच्यामध्ये किती दिवस असावेत? अमेरिकेचे १४ दिवस तिथल्या वकिलांच्या सोयीचे आहेत. आपल्याकडे कापसाचा पैसा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत हाती येतो आणि साखळ्यांना मार्चच्या आत दुकान उघडायचे असते, त्यामुळे घाई दोन्हीकडून असते. मार्चमध्ये उघडलेले दुकान पहिले तीन-चार महिने माहितीपत्रकाला दुजोराच देते. त्याची खरी परीक्षा जुलैत सुरू होते, तेव्हा पहिल्या चार महिन्यांची शिल्लक कर्जाच्या हप्त्यात किंवा घरखर्चात गेलेली असते.

ज्यांच्या हाती या उन्हाळ्याआधी असे माहितीपत्रक पडेल, त्यांनी साखळीकडे एकच कागद मागावा : तिच्या स्वतःच्या कोणत्याही एका दुकानाची जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांची विक्री, लेखी आणि सहीनिशी. तो कागद मिळेपर्यंत टोकन रक्कम देऊ नये.